अर्धवेळ घरदलाली: एका भाड्याच्या फ्लॅटचं काम, पहिल्या फोनपासून चावीपर्यंत

नोकरी सांभाळून घरं लावून द्यायची म्हणजे हाती वेळ उरतो तो संध्याकाळी साडेसहा ते नऊ आणि रविवारचा. एवढ्या वेळात अख्खं पुणं पालथं घालता येत नाही. म्हणून कोथरूडमधल्या पायी पंधरा मिनिटांत फिरता येईल अशा एकाच पट्ट्यातल्या वीसएक सोसायट्यांपुरतं मी काम ठेवलं आहे. पाणी सकाळी किती वाजता येतं, उन्हाळ्यात कुठल्या इमारतीला टँकर लागतो, दुचाकीची जागा कुठे मिळत नाही, कुठल्या कमिटीला एकटी राहणारी मुलं चालत नाहीत, हे पूर्णवेळ एजंटला माहीत असतंच असं नाही. आपल्याला ते माहीत असतं आणि लोक आपल्याकडे येतात ते त्यासाठी. हे ठाऊक असलेलं एखाद्याने लपवलं, तर दोन महिन्यांत सगळ्या आळीला कळतं आणि पुढचे फोन थांबतात.

एका फ्लॅटचं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगते. त्यात बहुतेक सगळे खाचखळगे येऊन जातात. दोन बेडरूमचा, तिसऱ्या मजल्यावरचा, जुन्या सोसायटीतला फ्लॅट. भाडं 24,000, डिपॉझिट 75,000, करार 11 महिन्यांचा.

फोन मालकाच्या मुलाचा आला. "फ्लॅट आमचा आहे, चावी वॉचमनकडे आहे, दाखवायला लागा." अशा वेळी चावी घ्यायची नाही, आधी कागद मागायचे. मी तीन गोष्टी मागते: सूची क्रमांक दोनची प्रत, मालमत्ता कराची ताजी पावती आणि सोसायटीच्या मेंटेनन्सचं बिल. सूची दोनवर घर कुणाच्या नावावर नोंदलं आहे ते कळतं, उरलेल्या दोन कागदांवरून ताबा आणि थकबाकी कळते. तिन्हीवरची नावं जुळली तर पुढे जायचं. नाव जुळत नसेल तर त्यात गैर असेलच असं नाही, पण त्याचं कारण कागदावर दिसलं पाहिजे.

इथे सूची दोनवर वडिलांचं नाव होतं आणि वडील दोन वर्षांपूर्वी वारले होते. सोसायटीने शेअर सर्टिफिकेट आईच्या नावावर केलं होतं, कारण नॉमिनेशन तिचं होतं. बऱ्याच जणांना वाटतं, नॉमिनी म्हणजेच मालक. तसं नसतं. सोसायटीने व्यवहार कुणाशी करायचा एवढंच नॉमिनेशनवरून ठरतं, मालकी वारसांकडे जाते. मृत्युपत्र नव्हतं, त्यामुळे आई, मुलगा आणि विवाहित मुलगी असे तिघे वारस होते. एकट्या मुलाने करार केला असता आणि चार महिन्यांनी बहिणीने हरकत घेतली असती, तर भाडेकरू मधल्या मध्ये अडकला असता आणि पहिला फोन मला आला असता. म्हणून करारात तिघांनाही परवाना देणारे, म्हणजे घर भाड्याने देणारे, म्हणून घ्यायचं आणि भाडं, डिपॉझिट आईच्या खात्यात जमा करायचं, असं आधीच ठरवून घेतलं. बहीण पुण्यातच राहत असल्याने हे सोपं गेलं. ती सही करायला तयार नसती, तर मी तो फ्लॅट दाखवला नसता.

याच टप्प्यावर पकडता येणारी एक मोठी फसवणूक आहे. जुना भाडेकरू स्वतःच मालक असल्याचं भासवतो, बाजारभावापेक्षा कमी भाडं आणि जास्त डिपॉझिट सांगतो, चार जणांकडून पैसे घेतो आणि गायब होतो. चावी त्याच्याकडे असते, घरात सामान त्याचं असतं, आधारकार्डही खरं असतं. फक्त सूची दोन दाखवायला तो टाळाटाळ करतो. "कागद बँकेत आहेत, कर्ज चालू आहे" हे उत्तर ठरलेलं. मूळ कागद बँकेत असू शकतात, पण सूची दोनची प्रत मालकाकडे असते किंवा नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येते. शिवाय सोसायटीच्या ऑफिसात जाऊन मालक कोण हे विचारायला दहा मिनिटं पुरतात.

कागद झाले की दलालीचं बोलायचं. घर दाखवण्याआधी, दोन्ही बाजूंशी आणि लेखी. भाड्यावरच्या दलालीचा दर माझ्या माहितीत कुठल्या कायद्याने ठरवून दिलेला नाही, चालत आलेली पद्धत आहे. आमच्या भागात भाडेकरूकडून एक महिन्याचं भाडं घेतलं जातं. काही एजंट मालकाकडूनही तेवढंच घेतात, काही अर्धं घेतात, काही काहीच घेत नाहीत. मुंबईत दोन्ही बाजूंकडून एकेक महिना घेणं सर्रास चालतं. दोन एजंट मिळून काम करत असतील तर साधारणपणे ज्याचा मालक त्याला मालकाकडची आणि ज्याचा भाडेकरू त्याला भाडेकरूकडची दलाली, किंवा सगळी एकत्र करून निम्मी निम्मी. मी फक्त नाव कळवलं आणि घर दाखवणं, करार, चावी सगळं दुसऱ्याने केलं, तर त्याला मिळणाऱ्या रकमेचा चौथा ते तिसरा हिस्सा मी माझ्यासाठी योग्य मानते. निम्मा मागितला की पुढच्या वेळी तो माझा फोन घेत नाही, असं पुष्कळदा होतं.

भाडेकरूला मी पाठवते तो निरोप असा: "फ्लॅट पसंत पडून करार नोंदला गेला तर दलाली 24,000 रुपये, एकदाच. रक्कम कराराच्या दिवशी द्यायची. करार झाला नाही तर काहीही नाही. मालकाकडून मी 12,000 घेणार आहे. करार नोंदणीचा खर्च वेगळा, तो मालक आणि तुम्ही निम्मा निम्मा." त्याने "मान्य" असं उत्तर दिलं की मगच भेटीची वेळ ठरवायची. यातलं मालकाकडून घेण्याच्या रकमेचं वाक्य पुष्कळ जण गाळतात. ते गाळू नये. भारतीय करार कायद्यात मध्यस्थाने ज्याच्यासाठी काम करतो त्याच्यापासून आपला फायदा लपवायचा नसतो. व्यवहारातही, दोघांकडून घेतो हे नंतर कळलं की दोघांनाही वाटतं की हा आपल्या बाजूचा नव्हता. "करार झाला तरच" हे वाक्यही त्याच कायद्याच्या कलम 219 ला धरून आहे: वेगळं काही ठरलेलं नसेल तर मध्यस्थाचा मोबदला काम पूर्ण झाल्यावरच देय होतो. घर दाखवण्याचे 500 रुपये घेणारे आहेत. घ्यायचे असतील तर ते आधी सांगितलेले असावेत.

घर दाखवताना संध्याकाळी एकदा आणि सकाळी एकदा दाखवते, कारण दुपारी बघून घेतलेलं घर रात्री वेगळं निघतं. शेजारच्या हॉलचा आवाज संध्याकाळी कळतो, नळाचा दाब सकाळी कळतो. या फ्लॅटच्या मागच्या बेडरूममध्ये वरच्या बाथरूममधून ओल उतरलेली होती. मालकाने नुकताच रंग दिला होता, त्यामुळे डाग दिसत नव्हता. पण भिंतीला हात लावला की गार लागत होती आणि खाली फरशीच्या कडेला पांढरी भुकटी सुटलेली होती. रंगाखाली ओल असली की मीठ असं बाहेर येतं. ते मीच भाडेकरूला दाखवलं आणि मालकाकडून "पावसाळ्याआधी वरच्यांकडून दुरुस्ती करून घेऊ" हे लिहून घेतलं. भाडेकरूने त्यासाठी भाड्यात 1,000 कमी मागितले, मालकाने दिले नाहीत, तरीही त्याने घर घेतलं. आधीच कळलेल्या दोषावरून भांडण सहसा होत नाही.

घर पसंत पडल्यावर टोकनचा प्रश्न येतो आणि अर्धवेळ काम करणारे इथेच सर्वांत जास्त फसतात. "ताई, मालक बाहेरगावी आहेत, तुमच्या खात्यावर 10,000 टाकतो, तुम्ही त्यांना द्या." नाही म्हणायचं, कितीही ओळखीचा माणूस असला तरी. पैसे आपल्या खात्यातून गेले की व्यवहार फिसकटल्यावर परत मागणी आपल्याकडे होते आणि तो पैसा आपलाच नव्हता हे आपल्याला सिद्ध करावं लागतं. टोकन भाडेकरूच्या खात्यातून थेट मालकाच्या खात्यात, सोबत मी, मालक आणि भाडेकरू अशा तिघांच्या मोबाइलवरच्या गटात एक ओळ: "10,000 टोकन, डिपॉझिटमध्ये वळते. मालकाने नकार दिला तर तीन दिवसांत पूर्ण परत. भाडेकरूने नकार दिला तर 5,000 कापून परत." ही ओळ नसेल तर काय होतं? चार दिवसांनी दुसरा कुणी 26,000 द्यायला तयार होतो, मालकाचं मन बदलतं आणि टोकन परत द्यायला महिना लागतो.

करार नोंदवलेला हवाच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि ती जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिक्षेहून व्यवहारात जास्त बोचणारी गोष्ट अशी की नोंदणी नसेल तर अटींबाबत वाद झाल्यावर भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. तरीही नोटरी करून "11 महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही" असं सांगणारे अजून आहेत. ते इतर राज्यांत ऐकलेलं असतं, इथे लागू नाही.

खर्च घाबरण्यासारखा नाही. मुद्रांक शुल्क असं निघतं: 11 महिन्यांचं भाडं 2,64,000. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरून 11 महिन्यांचे 6,875. बेरीज 2,70,875 आणि तिच्यावर 0.25 टक्के, म्हणजे सातशे रुपयांच्या आत-बाहेर. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. घरी येऊन आधारवरून थम, म्हणजे बोटांचे ठसे, घेणाऱ्याचे पैसे यावर वेगळे. एजंटाने "सरकारी खर्च 6,000" सांगितला तर हे गणित मांडून दाखवायचं. आपण स्वतः तो काम करणाऱ्याला जेवढे देतो तेवढेच पुढे लावावेत. त्यात लपवून 1,000 कमावण्याची सवय लागली की लोक ती पकडतातच, कारण शुल्काची पावती त्यांनाही मिळते.

थम घेताना मालकांचे, भाडेकरूचे आणि दोन साक्षीदारांचे ठसे लागतात. रविवारी सकाळी अकराला सगळे जमले आणि आईचा ठसा जुळेना. वय झालं की बोटांच्या रेषा झिजतात. कोमट पाण्याने हात धुऊन, कोरडे करून, दुसऱ्या बोटाने प्रयत्न केला तेव्हा जुळला. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे का, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवावं.

करारातल्या तीन ओळी मी स्वतः वाचून दाखवते, बाकी मसुदा ठरावीक असतो. पहिली लॉक-इनची: किती महिने कुणीच घर सोडायचं किंवा सोडायला सांगायचं नाही आणि ते तोडल्यास किती रक्कम द्यायची. दुसरी नोटिशीची, इथे एक महिना. तिसरी डिपॉझिट कापण्याची. "रंगाचे एक महिन्याचं भाडं कापलं जाईल" असं काही मसुद्यांत गुपचूप असतं. 11 महिन्यांच्या वापराने रंग जुना झाला तर त्याचा पूर्ण खर्च भाडेकरूवर टाकणं मला पटत नाही. मालकाला ती अट हवीच असेल तर रक्कम लिहायची, म्हणजे भाडेकरू जाणूनबुजून हो किंवा नाही म्हणेल. मुदत संपूनही भाडेकरू घर सोडत नसेल तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 खाली मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागू शकतो. हे मी मालक आणि भाडेकरू दोघांच्याही समोर सांगते, मागाहून एकेकट्याला नाही.

भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवणं हेही मालकाचं काम. पोलिसांच्या संकेतस्थळावरून करता येतं आणि पोच डाउनलोड करून दोघांनी ठेवायची. सोसायटीला कराराची प्रत द्यायची. भाड्याने दिलेल्या घरावर सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते. ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, असा राज्य शासनाचा 2001 सालचा आदेश आहे. मेंटेनन्स मालक भरणार असेल तर हे शुल्कही त्याच्याकडेच राहील, हे आधीच बोलून घ्यावं. नाहीतर तिसऱ्या महिन्यात भाडेकरूच्या दारावर बिल चिकटतं.

चावी देण्याच्या दिवशी अर्धा तास जास्त काढायचा. वीजमीटरवरचा आकडा आणि मीटर क्रमांक एकाच फोटोत यायला हवेत. महावितरणचं मागचं बिल भरलेलं आहे का, ते ग्राहक क्रमांकावरून तिथल्या तिथे बघायचं. पाइप गॅस असेल तर त्याच्या मीटरचाही फोटो. पंखे किती, ट्यूब किती, गीझर चालतो का, कपाटांच्या चाव्या किती, किचन सिंकखाली गळती आहे का, खिडकीची कुठली काच तडकलेली आहे, हे सगळं मोबाइलच्या एका सलग व्हिडिओत बोलत बोलत घ्यायचं आणि त्याच क्षणी गटात टाकायचं. जाताना डिपॉझिटवरून होणाऱ्या वादातले बहुतेक याच व्हिडिओने मिटतात. चाव्यांचे चार जोड होते. दोन भाडेकरूला, एक आईला, आणि वॉचमनकडचा चौथा जोड परत घेतला. असा विसरलेला जोड नंतर चोरीच्या संशयाला कारण होतो.

दलाली खात्यावर घेतली: भाडेकरूकडून 24,000, मालकाकडून 12,000, आणि दोघांनाही साध्या कागदावर सही केलेली पावती दिली. हे उत्पन्न विवरणपत्रात दाखवावं लागतं. नोकरी असलेल्याने आपल्या नियुक्तीपत्रात दुसरं काम करण्यावर बंदी आहे का, हेही बघावं. राज्य सरकारी कर्मचाऱ्याला तर 1979 च्या वर्तणूक नियमांप्रमाणे परवानगीशिवाय खाजगी धंदा करता येत नाही आणि बायकोच्या नावावर दाखवून स्वतः घरं दाखवत फिरणं ही पळवाट नव्हे.

आता विक्रीचं. भाड्याची दोन-चार कामं केली की कुणीतरी म्हणतंच, "नवीन प्रोजेक्टला एक नाव दे, बुकिंग झालं की 25,000 रोख." दिसायला हे भाड्यापेक्षा सोपं वाटतं, घर दाखवायलाही जायचं नाही. पण स्थावर संपदा कायदा 2016 मध्ये एजंटची जी व्याख्या आहे, तिच्यात मोबदला घेऊन खरेदीदार आणि विक्रेत्याची नुसती ओळख करून देणाराही येतो, मग ती कुठल्याही माध्यमातून असो. म्हणजे "मी फक्त नंबर पाठवला" हा बचाव होत नाही. बिल्डर विकत असलेल्या, महारेरा म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा प्राधिकरणाकडे नोंदलेल्या प्रकल्पात असं काम करायचं तर कलम 9 खाली स्वतःची नोंदणी लागते. ती नसेल तर कलम 62 खाली दिवसाला 10,000 रुपये दंड, एकूण फ्लॅटच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत. 70 लाखांचा फ्लॅट धरला तर ती मर्यादा साडेतीन लाख होते. 25,000 च्या रोख बक्षिसासाठी हा धोका घेण्यात काही अर्थ नाही.

महारेराची एजंट नोंदणी व्यक्तीला 10,000 रुपये फी भरून पाच वर्षांसाठी मिळते, पण त्याआधी प्रशिक्षण आणि परीक्षा उत्तीर्ण झाल्याचं प्रमाणपत्र लागतं. वर्षाला दोन-तीन बुकिंग करून देण्याची खरी शक्यता असेल तर नोंदणी करावी. नसेल तर विचारणाऱ्याला चांगल्या नोंदणीकृत एजंटचं नाव सांगून मोकळं व्हावं आणि पैसे घेऊ नयेत. नोंदणीकृत एजंटची दलाली बिल्डरकडून साधारण किमतीच्या दोन टक्क्यांपासून पुढे असते. कंपनीकडून रक्कम येताना त्यावर टीडीएस कापला जातो, म्हणून रोखीचा आग्रह धरणारा बिल्डर हीच पहिली धोक्याची खूण समजावी.

जुन्या फ्लॅटची मालकाकडून होणारी पुनर्विक्री कलम 9 च्या या बंदीत शब्दशः येत नाही, कारण तिथे बिल्डरने केलेल्या विक्रीचा उल्लेख आहे. तिथे रीत एका बाजूकडून एक टक्का, काही ठिकाणी दोन. तरी मी जुन्या विक्रीत वकिलाशिवाय पाऊल टाकत नाही. वारस, कर्जाचा बोजा, गहाळ झालेला मधला खरेदीखताचा दुवा, यातलं काही चुकलं तर रक्कम लाखांत असते. इसार रोखीत 20,000 किंवा त्याहून जास्त घेता येत नाही. आयकर कायद्यात तेवढ्याच रकमेचा दंड घेणाऱ्यावर बसतो, हे विकणाऱ्याला मी आधीच सांगते.

त्या कोथरूडच्या फ्लॅटचा करार संपायच्या दोन महिने आधीची तारीख मी वहीत लिहून ठेवली होती. त्या दिवशी दोघांनाही फोन केला. भाडेकरूला राहायचं होतं, आईंनी 5 टक्के वाढ मागितली, भाडं 25,200 झालं. नूतनीकरणाला पुन्हा पूर्ण महिना घेण्याची रीत काही जण चालवतात. मी नोंदणीचा प्रत्यक्ष खर्च आणि माझ्या दोन फेऱ्यांचे म्हणून दोघांकडून मिळून 2,000 घेते, आणि तेही पहिल्याच निरोपात लिहिलेलं असलं तरच. वरच्या मजल्यावरची ओल तोवर दुरुस्त झाली होती. नव्या व्हिडिओत मागच्या बेडरूमची भिंत कोरडी दिसली.